दुपारची पाचवी खिडकी

बँकेत त्यांना सगळे मास्तर म्हणत. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं. पण एकाच शाखेत एकतीस वर्षं काढलेला माणूस, कानावर शिसपेन्सिल, समोर चौकटीचा कागद, आणि कोणी पाच मिनिटं उशिरा आलं की भुवया वर. अशा माणसाला दुसरं काय म्हणणार? पद म्हणाल तर मुख्य रोखपाल. खरं काम म्हणाल तर कोणत्या खिडकीवर कोण बसणार, किती ते किती बसणार आणि जेवायला कोण कधी उठणार, हे ठरवणं. ऐकायला हे किरकोळ वाटतं. ज्याला वाटतं त्याने महिन्याच्या तीस तारखेला दुपारी साडेबाराला बँकेत एकदा उभं राहून बघावं आणि मग तोंड उघडावं.

शाखेत खिडक्या पाच, पण माणसं चार. बँक दहाला उघडायची, चारला मिटायची. सकाळी दोन तास बरे जायचे. तासाला तीसेक माणसं येत, ती कधी आली कधी गेली कळायचंही नाही. बारा वाजले की आसपासच्या दुकानांतली, कारखान्यातली, कचेऱ्यांतली माणसं आपली जेवणाची सुट्टी घेऊन बँकेकडे पळत. तासाला साठ! आणि नेमकी तीच वेळ खिडकीतल्या माणसांच्याही जेवणाची. त्यांनी काय उपाशी मरायचं? मास्तर पाळ्या लावत. बारा ते दोनमध्ये एकावेळी एकानेच उठायचं, अर्ध्या तासात डबा उरकून परत. म्हणजे चारातल्या तीन खिडक्या चालू. एका खिडकीतून तासाला बारा माणसं निघतात, मग तिनांतून छत्तीस. साठ आत, छत्तीस बाहेर. उरलेली चोवीस कुठे जाणार? ती उभी राहणार आणि पुढच्या तासाला त्यांच्या मागे आणखी चोवीस. हे गणित तिसरीतल्या पोरालाही येतं, फक्त मुख्य कार्यालयाला येत नव्हतं.

मास्तरांची बायको म्हणायची, "अहो, घरी आपण दोघंच. तरी तुम्ही मला विचारता, आधी तू जेवतेस की मी! एकत्र बसलो तर कोणाची रांग तुंबणार आहे?" मास्तर हसत आणि तिच्याबरोबर बसत, पण घास तोंडात असताना नजर घड्याळावरच असायची. मूलबाळ नव्हतं. त्यांची सगळी माया त्या चौकटीच्या कागदात उतरली होती असं बायको थट्टेने सांगे, आणि सांगताना तिचं हसू जरा लवकर आटपायचं.

आता मूळ गोष्ट. पाच वर्षांपूर्वी बँकेने दारात टोकनचं यंत्र बसवलं. माणूस आला की वॉचमन बटण दाबून त्याच्या हातात चिठ्ठी देणार, त्या क्षणापासून यंत्र मिनिटं मोजणार, आणि खिडकीत त्याचा आकडा लागला की थांबणार. मुख्य कार्यालयाने फर्मान काढलं, की कोणत्याही ग्राहकाला सरासरी बारा मिनिटांपेक्षा जास्त थांबायला लागता कामा नये. पहिला महिना चाचणीचा, त्याचे आकडे पुढे यंत्रातून पुसले गेले; त्यात मास्तरांच्या शाखेची दुपारची सरासरी निघाली एकोणतीस. ताकीद आली. मास्तरांनी दुपारपुरतं एक माणूस मागितलं. उत्तर आलं, आहे त्या माणसांत सुधारणा करून दाखवा, मग बघू.

मास्तरांनी सुधारणा करून दाखवली. हॉलमध्ये सहा माणसं ताटकळत बसली की ते चष्मा कपाळावर चढवत. वॉचमन ते बघून बटणावरचा हात काढून घेई आणि नव्याने आलेल्यांना बाहेर पायऱ्यांवर, पत्र्याच्या सावलीत उभं करी. "आत गर्दी आहे, जरा हवेशीर थांबा." दोघं-तिघं कमी झाले की मास्तरांचा चष्मा नाकावर आणि वॉचमनचं बोट बटणावर. माणूस पायरीवर अर्धा तास उभा असला तरी यंत्राच्या हिशेबी तो जन्मालाच आलेला नसे. तीन खिडक्या, सहा माणसं, दहा मिनिटं. दर महिन्याचा तक्ता मास्तरांच्या सहीने वर जायचा आणि त्यात दुपारी दहा मिनिटं, महिनाअखेरीलाही दहा मिनिटं. शाखेला प्रशस्तिपत्र मिळालं. ते चौकटीत घालून भिंतीवर लागलं तेव्हा मास्तरांना लाज वाटली, नाही असं नाही. पण ताकीद बंद झाली होती, खिडकीतल्या पोरीबाळींना कोणी रागावत नव्हतं, आणि पायरीवरचे लोक बिचारे समजूतदार होते. एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर तर घडीचं स्टूल घेऊनच यायचे.

तीन वर्षांपूर्वी मागणीची फाइल कुठून तरी वर तरंगली आणि दुपारपुरतं माणूस मंजूर झालं. साडेअकरा ते साडेतीन, वर्षाच्या कराराने. ती आली आणि दुसऱ्या दिवसापासून तिचं नाव दुपारताई पडलं.

दुपारताई बेचाळीस-त्रेचाळीसची. नवरा नव्हता, म्हणजे होता, पण दुसऱ्या गावी दुसऱ्या घरात होता. घरी आई. आईची आठवण पार गेलेली. गॅस चालू करून विसरायची, दार उघडून चालू लागायची. शेजारीण रोज साडेचार तास तिच्याजवळ बसायला तयार झाली होती, एक मिनिट जास्त नाही. त्यामुळे साडेअकरा ते साडेतीनची नोकरी म्हणजे दुपारताईला जणू मापाने शिवून मिळाली होती. असली दुसरी नोकरी शोधायची म्हटलं तर नाकी नऊ आले असते. धावत यायची, पदराने मान पुसायची, पाचव्या खिडकीचा दिवा लावायची आणि जी बसायची ती उठायची नाही. घरून जेवूनच यायची, म्हणून तिची पाळी लावायची भानगडच नव्हती.

तिच्यामुळे दुपारी तीन खिडक्यांच्या चार झाल्या. पायऱ्या मोकळ्या झाल्या. साध्या दिवशी बाहेर चार-पाच माणसं, तीही तासाभरात आत. ज्यांच्यासाठी ही सगळी यातायात, त्यांच्या आयुष्यातला अर्धा तास त्या बाईने रोज परत दिला. आणि इथे मास्तरांनी ती चूक केली. आता पायऱ्या मोजायला हरकत नव्हती. वॉचमनला सांगायचं, द्या टोकन येईल त्याला. पण तसं केलं असतं तर नवीन माणूस मिळाल्यावर आकडा दहावरून चौदा-पंधरावर गेला असता. वरच्यांनी विचारलं असतं, माणूस वाढलं आणि वेळही वाढला? म्हणून मास्तरांनी सहाचे आठ केले. हॉलमध्ये आठ जण झाले की चष्मा वर. चार खिडक्या, आठ माणसं, दहा मिनिटं. तक्ता जसाच्या तसा राहिला, आणि मास्तरांना वाटलं, आपण फार शहाणे.

ह्या वर्षी बावीस तारखेला मुख्य कार्यालयातून एक चष्मेवाला आला. पोरगेला, सभ्य, चहाला नको म्हणणारा. दोन दिवस यंत्रातले आकडे बघत बसला. जाताना मास्तरांशेजारी खुर्ची ओढून म्हणाला, "तुमच्या शाखेसारखी शिस्त कुठे बघितली नाही. दिवसाला दोनशे चाळीस माणसं, तासाला चाळीस. चार खिडक्या अठ्ठेचाळीस काढतात. म्हणजे पुरून उरतं."

"अहो, तासाला चाळीस कुठे!" मास्तर म्हणाले. "सकाळी तीस, दुपारी साठ. सरासरीने काय होतं? आणि त्या दुपारीच आमचा एक माणूस जेवायला उठतो."

"साठ दिसत नाहीत," चष्मेवाला म्हणाला. त्याने संगणकाचा पडदा मास्तरांकडे वळवला. "दुपारी कधीच अठ्ठेचाळीसच्या वर टोकन निघालेलं नाही. महिनाअखेरीलासुद्धा. आणि हे बघा, दुपारची जागा भरायच्या आधी थांबायचा वेळ दहा मिनिटं. भरल्यानंतर दहा मिनिटं. तीन वर्षांत त्या बाईंमुळे एका मिनिटाचाही फरक पडलेला नाही."

त्या क्षणी मास्तर बोलले असते तर काय झालं असतं, कोण जाणे. पण प्रशस्तिपत्र समोर भिंतीवर होतं, निवृत्तीला सात महिने होते, आणि माणसाची जीभ अशा वेळी नेमकी टाळूला चिकटते.

पंचवीसला पत्र आलं. दुपारच्या जागेचा करार पुढे वाढवण्याची गरज दिसत नाही. शाखेला हरकत असल्यास आकड्यांसह तीन तारखेपर्यंत कळवावं. मॅनेजरबाई दोन वर्षांपूर्वीच आलेल्या, कामाच्या चोख. त्या म्हणाल्या, "मास्तर, ती गेली तर दुपारी आपले हाल होतील हे मला दिसतंय. पण हाल होतील असं लिहून चालत नाही. आकडे द्या, मी सही करते."

दुपारताईला पत्राचं कळलं होतं. साडेतीनला पर्स उचलताना ती मास्तरांच्या टेबलाशी थांबली. "मास्तर, मी घाबरले होते. पण मॅनेजरबाई म्हणाल्या, आकडे मास्तर देणार आहेत. मग म्हटलं चला, सुटले."

"बघतो मी," मास्तर म्हणाले.

"तुम्ही बघताय म्हटल्यावर मी कशाला बघू?" ती हसली आणि पळाली. शेजारणीचे साडेचार तास संपत आले होते.

त्या रात्री मास्तरांना झोप लागली नाही आणि सकाळी त्यांना युक्ती सुचली. महिनाअखेरीचे तीन दिवस समोर होते. पगार, निवृत्तिवेतन, दुकानदारांचा भरणा, सगळं एकदम. त्या तीन दिवसांत चष्मा नाकावरच ठेवायचा. येईल त्याला टोकन. यंत्राला एकदा तरी खरी रांग दिसू दे, मग आपोआप कळेल दुपारी किती माणसं लागतात ते. कबुली द्यायला नको, कोणाला दुखवायला नको. पाच वर्षांचं पाप तीन दिवसांत फिटणार आणि कोणाला पत्ताही लागणार नाही! बायकोला ते म्हणाले, "अगं, एक गोष्ट सरळ करतोय." ती म्हणाली, "मग चेहरा असा वाकडा का?"

अठ्ठावीसला वॉचमनने दोनदा मास्तरांकडे बघितलं. चष्मा हलला नाही. त्याने खांदे उडवले आणि बटण दाबत राहिला. हॉल भरला, बाकं भरली, माणसं भिंतीला टेकली, मग मधोमध उभी राहिली. तासाला ऐंशी आत येत होती आणि चार खिडक्या मिळून पन्नासही काढत नव्हत्या. पायऱ्यांवर जे पाच वर्षं निमूट उभे राहिले तेच लोक हातात चिठ्ठी आल्यावर भांडायला लागले, कारण चिठ्ठीवर वेळ छापलेली असते आणि वेळ दिसली की माणसाला राग येतो. खिडकी दोनची मुलगी रडकुंडीला आली. एका दुकानदाराने काचेवर थाप मारली. म्हातारी माणसं, ज्यांना दिसत नाही, ज्यांना फॉर्म भरून द्यायला लागतो, त्या सगळ्यांना मास्तरांनी नेहमीप्रमाणे दुपारताईच्या खिडकीकडे वळवलं. ती कोणावर खेकसत नसे म्हणून. इतरांचं माणूस पाच मिनिटांत निघे, तिचं आठ.

एकोणतीसला तेच. तीसला त्याहून वाईट. ताटकळणाऱ्यांत एकाला सत्तर मिनिटं लागली. दुपारताई घामाघूम होऊन म्हणाली, "मास्तर, ह्या वेळी काय झालंय लोकांना? दर महिन्याला तर इतकं नसतं."

"असतं," मास्तर म्हणाले. आणि त्यांनी आणखी एका म्हातारीला तिच्या खिडकीकडे वळवलं.

एक तारखेला त्यांनी तक्ता केला. तीन दिवसांची दुपारची सरासरी, त्रेचाळीस मिनिटं. मॅनेजरबाईंनी आकडा बघून ओठ आवळले, मास्तरांकडे बघितलं आणि सही केली. मास्तर त्या दिवशी घरी गेले ते पेढे घ्यायच्या बेतात. घेतले नाहीत, एवढीच अक्कल शिल्लक होती.

पाच तारखेला उत्तर आलं. मॅनेजरबाईंनी दार लावून घेतलं आणि वाचून दाखवलं. पाच वर्षं ज्या शाखेची सरासरी एकाही महिनाअखेरीला अकरा मिनिटांच्या वर गेली नाही, तिथे पत्र पोचल्यानंतरच्या तीनच दिवसांत ती चौपट व्हावी, याला गर्दी म्हणता येत नाही. टोकनं जास्त निघालेली दिसतात, पण बटण शाखेच्याच हातात असतं. दबाव आणण्यासाठी मुद्दाम काम संथ केल्याचं दिसतं. खिडकीनिहाय आकडे पाहता सर्वांत संथ काम पाचव्या खिडकीचं असून संबंधित कर्मचाऱ्याचा त्यात थेट स्वार्थ आहे. करार वाढवला जाणार नाही. असहकाराची नोंद कर्मचाऱ्याच्या कागदपत्रांत करण्यात येत आहे.

मास्तरांनी तिथेच, पाच वर्षांत पहिल्यांदा, सगळं सांगून टाकलं. चष्मा, पायऱ्या, सहा, आठ. मॅनेजरबाईंनी पत्राची घडी घातली.

"मला वाटायचं पायऱ्यांवर काहीतरी आहे," त्या म्हणाल्या. "पण विचारलं नाही. लिहून द्या."

मास्तरांनी लिहून दिलं. दोन पानं, स्वच्छ अक्षरात, एकही सबब नाही. तिसऱ्या दिवशी चष्मेवाल्याचा फोन आला. आवाज तसाच सभ्य.

"तुम्ही म्हणता ते खरं धरायचं, तर पाच वर्षांचे साठ तक्ते खोटे धरायला लागतील. त्यांवर सही कोणाची आहे?"

"माझी."

"आणि ह्या पत्रावर?"

"माझीच."

"मग मी कोणती सही खरी मानू? यंत्रातले आकडे तुमच्या साठ तक्त्यांशी जुळतात. तुमच्या पत्राशी जुळणारा एकही कागद नाही. बाहेर उभ्या राहिलेल्या लोकांची काही नोंद आहे?"

नोंद नव्हती. तीच तर करामत होती. मास्तर म्हणाले, "वॉचमनला विचारा." ते विचारलं गेलं. तो कंत्राटी माणूस. त्याने काही मिनिटं विचार केला असेल, मग म्हणाला, मी येईल त्याला टोकन देतो. मास्तरांना त्याचा राग आला नाही. त्याच्या जागी ते स्वतः दुसरं काय बोलले असते? त्यांना एक समज मिळाली, त्यांच्या निवृत्तिवेतनाला धक्का लागला नाही, आणि प्रकरण मिटलं.

दुपारताईचा शेवटचा दिवस पंधरा तारखेचा. साडेतीनला तिने खिडकीचा शिक्का आणि ड्रॉवरची किल्ली मास्तरांच्या टेबलावर ठेवली, वहीत सही केली. मास्तरांनी तिला बसायला सांगितलं. सगळं परत एकदा सांगितलं. ती ऐकत होती, मध्येच घड्याळ बघत होती.

"म्हणजे मी आल्यावर गर्दी कमी झाली होती?" तिने विचारलं.

"निम्म्याने झाली होती, ताई. मी माझ्या डोळ्यांनी बघितली."

"मला तसंच वाटायचं," ती म्हणाली. "पण म्हटलं, आपल्याच मनाचे खेळ असतील." मग म्हणाली, "त्या तीन दिवसांत मला एका शब्दाने बोलला असतात, मास्तर. म्हाताऱ्यांना चार खिडक्यांत वाटून घेतलं असतं. मी एकटी संथ दिसले नसते."

हे मास्तरांना सुचलंच नव्हतं. एकतीस वर्षं पाळ्या लावणाऱ्या माणसाला एवढी साधी वाटणी सुचली नव्हती. त्यांनी ड्रॉवर उघडून एक लिफाफा काढला. दुसऱ्या बँकेत दुपारची जागा निघाल्याचं त्यांनी शोधून काढलं होतं, आणि तिथल्या मॅनेजरच्या नावे शिफारसपत्र लिहिलं होतं. तिच्याइतकी चांगली कर्मचारी आपण बघितली नाही, तिच्यामुळे दुपारची रांग निम्मी झाली, असं त्यात होतं. त्यातला शब्दन् शब्द खरा होता.

दुपारताईने पत्र शेवटपर्यंत वाचलं. खालची सही बघितली. मग त्याची नीट घडी घालून ते लिफाफ्यात परत ठेवलं आणि टेबलावरून मास्तरांकडे सरकवलं.

"राहू द्या," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मास्तरांना सोसवेना. "ते लोक आपल्या मुख्य कार्यालयात फोन करून विचारतील, ही सही कोणाची. त्यापेक्षा मी रिकाम्या हाताने गेलेली बरी."

ती उठली. शेजारणीला आज दहा मिनिटं जास्त झाली होती, म्हणून ती मागे न बघता पायऱ्या उतरून गेली.